तळातली डाळ

खानावळीच्या सामानाच्या खोलीतली सगळ्यात जुनी वस्तू शोधायची असेल, तर तूरडाळीचा मोठा डबा उघडावा. वरची डाळ परातीत काढावी आणि तळाला हात घालावा. वरचा दाणा स्वच्छ पिवळा असतो, तळाचा थोडा निस्तेज, आणि बोटांना बारीक पिठी लागते. डबा गेल्याच आठवड्यात भरलेला असतो. पण तळातली ती दीड-दोन किलो डाळ तेव्हाही तिथेच होती आणि त्याआधीच्या खेपेलाही होती. दर वेळी डबा पुरता संपायच्या आत वरून नवी डाळ ओतली गेली, आणि काढणाऱ्याने दर वेळी वरचीच काढली.

यात कोणी आळस केला, असे म्हणता येत नाही. डबा वरून उघडतो, वरून भरतो आणि वरूनच रिकामा होतो. अशा भांड्यात शेवटी आलेला माल आधी बाहेर पडणार, हे ठरलेलेच आहे. माणसाने कितीही मनावर घेतले, तरी रोज सकाळी पाच वाजता डबा उपसून खालची डाळ वर आणायला कोणाला वेळ नसतो.

जो माल आधी आला तो आधी वापरायचा, या नियमाला कारखान्यांत ‘फिफो’ म्हणतात. ‘फर्स्ट इन, फर्स्ट आउट’चे ते लघुरूप. पुढच्या पानांत तो नियम एका लहान स्वयंपाकघराच्या लहान खोलीत कसा बसवायचा, हे सांगितले आहे. खोली साधारण सहा फूट बाय आठ फुटांची, दार एकच, मांडण्या भिंतीला टेकलेल्या, आणि सामान लावणारा, काढणारा, कांदा चिरणारा माणूस बहुतेक वेळा एकच, असे गृहीत धरले आहे. मोठ्या हॉटेलच्या भांडारासाठी लिहिलेले नियम या खोलीत का अडखळतात, हे कळावे म्हणून आधी आकुर्डीकडे पाहायला हवे.

पुणे–लोणावळा लोकलच्या आकुर्डी स्टेशनाबाहेर पडले की कॉलेजे आणि प्राधिकरणाच्या पेठा लागतात, पुढे मुंबई–पुणे रस्ता आणि त्यावर बजाज ऑटो. या कारखान्यातले दुचाकींचे उत्पादन सप्टेंबर 2007 मध्ये थांबले, कंपनीचे मुख्यालय मात्र तिथेच राहिले, आणि 2022 मध्ये त्याच जागी विजेवरच्या चेतकसाठी नवा कारखाना उभा राहिला. भोवतालच्या एमआयडीसीत आणि पुढे चाकणपर्यंत सुटे भाग बनवणारी असंख्य छोटी-मोठी शेड आहेत. इथल्या मेसमध्ये जेवायला येणारे दोन प्रकारचे: इंजिनिअरिंगची पोरे आणि पाळीवर जाणारे कामगार. पहिल्यांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात निम्मी ताटे कमी होतात. दिवाळीत दोघेही गावी जातात. म्हणजे सामानाचा खप वर्षभर सारखा नसतो, आणि नेमक्या सुट्टीच्या तोंडावर भरलेला माल पावसाळा सुरू होईपर्यंत पडून राहतो.

इथल्या जेवणाऱ्यांतल्या अनेकांना ‘फिफो’ हा शब्द खानावळवाल्या काकूंपेक्षा आधी माहीत असतो. वाहनाच्या सुट्या भागांच्या भांडारात रबरी सील काळाने कडक होतात, चिकटद्रव्यांवर आणि रंगांवर मुदत छापलेली असते, पावसाळ्यात उघड्या लोखंडावर गंज चढतो. शिवाय एखाद्या खेपेत दोष निघाला, तर त्या खेपेचे भाग कोणत्या गाड्यांत गेले ते सांगता आले पाहिजे. म्हणून तिथे उतरत्या रुळांची मांडणी असते. माल मागून ठेवायचा, तो आपसूक पुढे घरंगळतो, आणि जोडणीवाला पुढून उचलतो. मागचा पुढे यायला कोणाला काही आठवावे लागत नाही. कुठे महिन्याप्रमाणे रंगीत चिठ्ठीही लावतात, म्हणजे लांबूनच कळते की निळी संपायच्या आत हिरवीला हात लावायचा नाही.

गंमत अशी, की मोटारीच्या कारखान्यातल्या या शिस्तीमागे एक किराणा दुकान आहे. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचे शिल्पकार ताइइची ओनो यांनी लिहून ठेवले आहे की, जोडणी थेट मागच्या कामाला ‘मला आता एवढे हवे’ असे सांगेल, ही कल्पना त्यांना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली. तिथे गिऱ्हाईक हवे तेवढेच उचलते आणि दुकानदार उचललेल्याच जागा भरतो. टोयोटाच्या यंत्रशाळेत त्यांनी 1953 पासून ती वापरून पाहिली, आणि 1956 मध्ये अमेरिकेचे कारखाने पाहायला गेल्यावर सुपरमार्केट प्रत्यक्ष पाहिले. किराण्याच्या फळीवरून कारखान्यात गेलेली ही रीत आकुर्डीत उलट्या वाटेने, कारखान्याच्या भांडारातून मेसच्या फळीवर येऊ शकते. फक्त एक अडचण आहे. रुळांची मांडणी मागून भरावी लागते, आणि सहा बाय आठच्या खोलीत मांडणीच्या मागे भिंत असते.

आपल्या घरांत हा प्रश्न पूर्वी का पडला नाही? बेगमी वर्षातून एकदाच व्हायची. उन्हाळ्यात गहू, ज्वारी, डाळी एकदम घ्यायच्या, कडकडीत ऊन दाखवायचे, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा, धान्यात कडुनिंबाचा पाला घालायचा आणि कोठी बंद करायची. पुढच्या उन्हाळ्यात कोठी रिकामी होई, झाडली-पुसली जाई, मग नवे धान्य पडे. एका वेळी एकच खेप घरात असे, त्यामुळे आधी कोणती आणि नंतर कोणती, हा सवालच नव्हता. क्रमाचा नियम लागतो तो जुनी खेप संपायच्या आत नवी आली तर. दर आठवड्याला सामान भरणाऱ्या मेसमध्ये हे रोजचेच आहे.

काही जण यावर कोठीचाच दाखला देतात. पत्र्याच्या कोठीला खाली झडप असते, वरून ओता आणि खालून काढा, झाला फिफो. दिसते तसे, पण घडते वेगळे. सपाट तळाच्या पिंपातून धान्य खालच्या तोंडाने सोडले की तोंडाच्या बरोबर वरचा एक उभा खांब आधी वाहू लागतो. वरच्या पृष्ठभागावर खळगा पडतो, त्यात कडेचे दाणे घसरतात आणि मधल्या वाटेने खाली येतात. म्हणजे नुकतेच ओतलेले, वर असलेले धान्य बरेच आधी बाहेर पडते, आणि तळाशी भिंतीलगत बसलेले सगळ्यात शेवटी. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीचा वरचा भाग कापून, तळाच्या मध्यभागी भोक पाडून, तिच्यात आधी मूग आणि वर तांदूळ भरून पाहावे. मूग संपायच्या कितीतरी आधी तांदूळ पडू लागतो. कोठीचा तळ पुरेसा उतरता आणि गुळगुळीत असेल तरच सगळे धान्य एकत्र खाली सरकते. घरगुती कोठीचा तळ तसा नसतो.

तेव्हा भांडे बदलून सुटका नाही. सुटका होते ती भांडी दोन करून.

तूरडाळीला एक डबा नको, दोन हवेत. मोठा चाळीस किलोचा एक डबा काढून वीस-वीसचे दोन ठेवावेत. एक चालू, एक राखीव. चालू डबा पूर्ण संपेपर्यंत त्यात वरून काहीही पडणार नाही, ही एकच अट. संपला की राखीव डबा पुढे येतो, रिकामा डबा पुसला जातो, उन्हात किंवा गॅसजवळ पूर्ण कोरडा होतो आणि नवी डाळ त्यात पडते. या पद्धतीत मागणीची वहीही वेगळी लागत नाही. राखीव डबा पुढे आला, म्हणजेच डाळ मागवायची वेळ झाली. कारखान्यात हीच पद्धत नट-बोल्टसाठी वापरतात आणि तिला दोन पेट्यांची पद्धत म्हणतात.

याला होणारा विरोध ठरलेला असतो. संध्याकाळी दुकानाचा माणूस माल टाकून जातो, खोलीत पाय ठेवायला जागा नसते, आणि मदतीला असलेली बाई विचारते, “काकू, एवढीशीच राहिलीय तळाला, ओतून टाकू का वरनं?” या ‘एवढीशी’चे काय करायचे, हे आधी ठरलेले नसेल तर पद्धत त्याच संध्याकाळी मोडते. उत्तर सोपे आहे. ती एवढीशी डाळ पातेल्यात काढायची, पातेले चुलीजवळ ठेवायचे आणि उद्या सकाळची आमटी त्याच डाळीची करायची. जुने नव्याखाली दडपायचे नाही, एवढेच बघायचे.

पोत्यांनाही हेच लागू. तांदळाची पोती एकावर एक रचली की वरचे पोते आधी फुटते आणि खालचे महिनोन्महिने दबून राहते. थप्प्या दोन कराव्यात. फोडायला घेतलेल्या थप्पीवर नवे पोते चढवायचे नाही. नवे सगळे दुसऱ्या थप्पीवर. पहिली संपली की त्यांची कामे बदलतात. थप्पी फळ्यांवर, जमिनीपासून सहा इंच उंच आणि भिंतीपासून हातभर दूर असली म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल पोत्यात येत नाही, आणि उंदराच्या लेंड्या पडल्याच तर झाडताना दिसतात.

उथळ मांडणीवर पाकिटांसाठी आणखी एक सोय करता येते. नवे नेहमी डावीकडून ठेवायचे, वापरायला नेहमी उजवीकडून घ्यायचे, आणि मधली उजवीकडे सरकवायची. मागून भरता येत नसले तरी बाजूने भरता येते. मांडणी दीड फूट खोल असेल तर मात्र हे जमत नाही. तिथे पाकिटांच्या तीन रांगा लागतात आणि मागची रांग दृष्टीआड जाते. अशा फळीवर पाकिटे सुटी न ठेवता लांबट ट्रेमध्ये ठेवावीत. ट्रे खणासारखा बाहेर ओढायचा, नवे मागे टाकायचे आणि परत ढकलायचा.

क्रम मोडल्याने एवढे काय बिघडते, हे सोंडकिड्याकडे पाहिले की कळते. तांदूळ-गव्हातला हा किडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि भोक चिकट स्रावाने बुजवतो. बाहेरून दाणा शाबूत दिसतो. अळी आतच वाढते, आतच कोष करते, आणि उबदार हवेत साधारण महिन्याभराने पूर्ण वाढलेला किडा गोल भोक पाडून बाहेर येतो. एक मादी आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. आता तळाशी दोन किलो जुना तांदूळ असलेल्या डब्यात वीस किलो नवा ओतला असे धरा. तळातल्या दाण्यांतून बाहेर पडणाऱ्या किड्यांना वीस किलो ताजे खाद्य आणि अंडी घालायला जागा मिळाली. पाच-सहा आठवड्यांनी डबा भरून किडे दिसतात तेव्हा दोष दुकानदाराला जातो. काही वेळा तो दुकानदाराचा असतोही. किडलेला माल आत आला तर फिफो त्याला सुधारत नाही. पण डबा दर वेळी रिकामा होऊन पुसला जात असेल, तर निदान किडीची एक पिढी पुढच्या खेपेत उतरत नाही, आणि दोष कोणत्या खेपेचा हेही सांगता येते.

किडीच्या खुणा किडा दिसण्याच्या आधी दिसतात. तळाला पिठी साचते, दाण्यांवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसतात, पाण्यात टाकलेले काही दाणे तरंगतात. रव्यात आणि पिठात कणांच्या जाळ्या धरतात. फार किडलेल्या पोत्यात हात खोल घातला तर आतली ऊबही जाणवते.

इथवर फक्त क्रमाचे झाले. तारखेशिवाय क्रम टिकत नाही, कारण दोन सारख्या डब्यांतला जुना कोणता हे आठवड्याने कोणालाच सांगता येत नाही. आणि तारखा एक नाही, तीन असतात: वस्तू खोलीत आली ती, पाकीट फोडले किंवा वस्तू दळली ती, आणि वापरायची शेवटची. छापलेल्या पाकिटावर यातली शेवटचीच मिळते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ छापावी लागते. ‘बेस्ट बिफोर’ ही जादा माहिती म्हणून देता येते. दोन्हींचे अर्थ वेगळे. ‘बेस्ट बिफोर’नंतर चव-वास उतरू लागतो असे कंपनी सांगते, ‘एक्स्पायरी’नंतर ती वस्तू वापरायचीच नसते. 1 ऑक्टोबर 2020 पासून तर मिठाईच्या दुकानात सुट्या पेढ्या-बर्फीच्या ट्रेपुढेही ‘बेस्ट बिफोर’ लिहिणे बंधनकारक झाले. म्हणजे वेष्टन नसले तरी तारीख हवी, हे कायद्यानेही मानले आहे. साठा फिरवण्याचा नियमही कायद्यात आहेच: 2011 च्या परवाना व नोंदणी नियमांच्या चौथ्या परिशिष्टात अन्न व्यावसायिकाने ‘आधी आले ते आधी’ आणि ‘आधी संपते ते आधी’ या रीतीने माल वापरावा असे म्हटले आहे.

स्वयंपाकघरात तारीख हरवते ती पाकीट कापून डब्यात ओतताना. कात्रीने कापलेली कड कचऱ्यात जाते आणि तिच्यासोबत छापलेली मुदतही. यावर सोपी रीत म्हणजे तारखेची पट्टी कापून घ्यायची आणि डब्यावर चिकटवायची. ते जमत नसेल तर एक इंच रुंदीची कागदी चिकटपट्टी आणि पक्क्या शाईचे मार्कर पेन पुरते. जेल पेनाची शाई फ्रिजमधल्या ओलाव्याने फुटते आणि बॉलपेन चिकटपट्टीवर नीट उमटत नाही. तेलकट स्टीलवर पट्टी दोन दिवसांत सुटते, म्हणून आधी त्या जागी सुके फडके मारावे लागते.

पट्टी कुठे लावायची, हे काय लिहायचे याइतकेच महत्त्वाचे आहे. बहुतेक ठिकाणी ती झाकणावर लावतात, कारण झाकण सपाट असते आणि वरून वाचता येते. पण एका मापाच्या सहा डब्यांची झाकणे घासायला गेली की परत येताना अदलाबदल होते. मग साबुदाण्याच्या झाकणाखाली रवा आणि मार्चच्या तारखेखाली जुलैचा माल. पट्टी डब्याच्या अंगालाच हवी, आणि डबा रिकामा झाला की काढून टाकायला हवी. जुनी पट्टी तशीच ठेवून शेजारी नवी लावलेल्या डब्यावर कोणत्या तारखेवर विश्वास ठेवायचा, हे पुढच्या माणसाला कळत नाही. पट्टीवर चार ओळी पुरतात: वस्तू, आली, फोडली, संपवा. महिना अक्षरांत लिहावा. घाईत काढलेला 1 आणि 7 सारखा दिसतो, ‘जाने’ आणि ‘जुलै’ सारखे दिसत नाहीत.

हे सगळे एकत्र कसे चालते, ते एका हिशोबात पाहू. आकुर्डीत साठ ताटांची मेस आहे असे धरू. आठवड्यातून एकदा पिठले, एकदा भजी, म्हणून बेसनाचा खप भर हंगामात आठवड्याला दोन किलो, म्हणजे अर्ध्या किलोची चार पाकिटे. मेमध्ये पोरे गावी गेली आणि कॉलेज सुरू होईपर्यंत बारा पाकिटे शिल्लक राहिली, मुदत 24 ऑगस्ट. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॉलेज सुरू झाले आणि 10 जुलैला दुकानदाराने स्वस्त देतो म्हणून वीस पाकिटे टाकली. ती नंतर आली म्हणून डावीकडे गेली. नियम पाळला गेला आणि चूक झाली, कारण नव्या पाकिटांवरची मुदत होती 2 ऑगस्ट. दुकानात आधी बराच काळ पडून असलेला माल खोलीत नंतर आला होता.

इथे आल्याची तारीख मागे पडते आणि संपण्याची तारीख पुढे होते. छापील मुदत असलेल्या मालाला ‘आधी संपते ते आधी’ हा नियम लावायचा. सुट्या, पोत्यातल्या मालावर मुदतच नसते, तिथे आल्याची तारीख एवढाच आधार राहतो. तेव्हा वीस पाकिटे उजवीकडे, बारा डावीकडे. पण हिशोब इथे संपत नाही. 10 जुलै ते 2 ऑगस्ट हे तेवीस दिवस. आठवड्याला चार पाकिटे धरली तर या काळात तेरा पाकिटे संपतील आणि सात मुदतीबाहेर जातील. फळीवर कितीही नीट लावले तरी ही सात वाचत नाहीत. ती वाचली असती दारात, माल उतरवून घेताना. वीसऐवजी बारा घेतली असती, तर ती जुलैअखेर संपून जुनी बारा ऑगस्टचे तीन आठवडे पुरली असती आणि 24 तारखेच्या आत फळी रिकामी झाली असती. म्हणून खोलीच्या दाराजवळ एक कागद टांगलेला असावा, त्यावर दहा-बारा मुख्य वस्तूंचा आठवड्याचा खप. माल घेताना एकच भागाकार: आणलेला माल भागिले आठवड्याचा खप. उत्तर पाकिटावर उरलेल्या आठवड्यांपेक्षा मोठे आले, तर जास्तीचा माल दुकानदाराबरोबर परत.

सुट्टीच्या आधी हाच भागाकार वेगळ्या आकड्याने करावा लागतो. मे महिन्यातला खप जानेवारीच्या खपावर धरला, की बेसनाची बारा पाकिटे उरतात.

नियमाला अपवादही आहेत, आणि ते न समजता नियम पाळणारा फसतो. शेंगदाणे आणि दाण्याचे कूट यांचे घड्याळ वेगळे. अख्खा दाणा सालीत बराच टिकतो. कुटला की त्यातले तेल हवेला उघडे पडते आणि ते लवकर खवट होते. म्हणून कुटाच्या डब्यावर दाणे आले ती तारीख लिहिणे निरुपयोगी, कुटले तो दिवस हवा. तांदळाचे उलटे. मावळातला नवा इंद्रायणी दिवाळीनंतर येतो, मऊ आणि चिकट शिजतो. मुरलेला जुना तांदूळ मोकळा होतो. काही काकू मुद्दाम एक पोते मुरायला ठेवतात. ते पोतेही तारखेसहच ठेवायचे, फक्त ते रांगेत नाही हे त्यावर लिहायचे, नाहीतर मदतीला आलेला नवा पोरगा तेच आधी फोडतो. कांद्या-बटाट्याला तर तारखेचा उपयोगच नाही. कोंब आलेला, मानेत मऊ पडलेला कांदा कालच्या पोत्यातला असला तरी आज चिरायचा आणि टणक कांदा मागे ठेवायचा. तिथे हात आणि नाक हीच पट्टी.

फ्रिजमधल्या वाटणाला, भिजवलेल्या कडधान्याला आणि डोशाच्या पिठाला आठवड्यांचे नाही, दिवसांचे मोजमाप लागते. मोठ्या हॉटेलांत त्यासाठी सात वारांच्या सात रंगांच्या टिकल्या असतात. फ्रिजपुरत्या त्या चांगल्या. पण मंगळवारची टिकली या मंगळवारची की गेल्या, हे ती सांगत नाही, म्हणून कोरड्या सामानावर त्या लावू नयेत.

तारीख लिहिलेली असूनही क्रम पाळला जातो आहे का, हे तपासायला एक खडूचा तुकडा पुरतो. महिन्याच्या एक तारखेला खोलीतल्या प्रत्येक पाकिटावर, डब्यावर आणि पोत्यावर एक ठिपका काढायचा. महिनाभर त्याकडे लक्ष द्यायचे नाही. पुढच्या एक तारखेला खोलीत यायचे आणि ज्यांच्यावर ठिपका अजून आहे तेवढ्याच वस्तू परातीत काढायच्या. मीठ, चिंच, हळदीचा मोठा डबा निघाला तर चिंता नाही. पण मागच्या रांगेतले मैद्याचे पाकीट, डालड्याचा फुटलेला डबा, गेल्या पावसाळ्यातली कस्तुरी मेथी निघाली, तर त्यांची जागा बदलायची किंवा त्या वस्तूची खरेदी कमी करायची. आणि तूरडाळीच्या डब्यावर ठिपका सापडला, तर झाकण उघडून एकदा तळाला हात घालायचा.